सीएएच असलेल्या पुरुषांच्या वृषणातल्या गाठी (टार्ट) आणि मूल होण्याची शक्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया, म्हणजे सीएएच, घेऊन मोठे झालेले पुरुष आणि त्यांच्या पत्नी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रं लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी येतात, आणि तोपर्यंत वृषणांची सोनोग्राफी एकदाही झालेली नसते. म्हणून ही माहिती विशीतल्या मुलांनीही वाचावी असं मला मनापासून वाटतं. सीएएचचे प्रकार अनेक आहेत. इथलं विवेचन त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या, २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमच्या कमतरतेच्या क्लासिक प्रकाराबद्दल आहे.

१. टार्ट म्हणजे नक्की काय? अ‍ॅड्रिनलचा आजार आणि गाठ वृषणात, हे कसं?

गर्भात अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि वृषणं एकमेकांना लागून तयार होतात. वृषणं खाली सरकताना अ‍ॅड्रिनलसारख्या काही पेशी त्यांच्यासोबत जातात, असं मानलं जातं. एरवी या पेशी सुकून जातात. सीएएचमध्ये मात्र शरीराला पुरेसं कॉर्टिसॉल बनवता येत नाही, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन जास्त प्रमाणात सोडत राहते. एसीटीएच जसं अ‍ॅड्रिनलला वाढवतं तसंच या मागे राहिलेल्या पेशींनाही वाढवतं. त्या वाढीलाच टार्ट म्हणतात, आणि ती बहुतेकदा दोन्ही वृषणांत असते.

गाठ कुठे वाढते हे तिच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे. ती वाढते वृषणाच्या जाळीत. शुक्राणू बनवणाऱ्या सगळ्या बारीक नलिका बाहेर पडण्याआधी या जाळीत एकत्र येतात. शेतातल्या सगळ्या सऱ्यांचं पाणी ज्या एका चरातून बाहेर पडतं, त्या चराच्या तोंडाशीच दगड येऊन बसावा, तशी ही जागा आहे. त्यामुळे लहान गाठही मोठा अडथळा करू शकते.

२. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. हा कॅन्सर आहे का?

टार्ट हा कॅन्सर नाही आणि तो शरीरात पसरत नाही. खरा धोका वेगळा आहे: त्याला कॅन्सर समजून वृषण काढून टाकलं जाण्याचा. सोनोग्राफीत टार्ट आणि वृषणातल्या लायडिग पेशींची गाठ सारखीच दिसू शकते, सूक्ष्मदर्शकाखालीही दोघांत बरंच साम्य असतं. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आणि सर्जनना ‘मला सीएएच आहे’ हे तुम्ही स्वतः, तपासणीच्या आधी सांगा. कागदावर लिहिलेलं असलं तरी सांगा.

सीएएच असलेल्या पुरुषात गाठी दोन्ही बाजूंना, वृषणाच्या मधल्या जाळीजवळ असतील आणि वृषणाच्या कॅन्सरचा सुगावा देणाऱ्या एएफपी व बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या नॉर्मल असतील, तर टार्टचीच शक्यता मोठी असते. कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणाऱ्या स्टेरॉइडचा डोस नीट बसवल्यावर गाठी लहान झाल्या तर शंका आणखी कमी होते. पण गाठ एकाच बाजूला असेल, जाळीपासून दूर असेल, किंवा हार्मोन ताब्यात असूनही वाढत असेल, तर तिची स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी.

३. मला हाताला काहीच लागत नाही, दुखतही नाही. तरी सोनोग्राफी करायची?

हो. जाळी वृषणात खोलवर असते. साधारण २ सेंटीमीटरहून लहान गाठ डॉक्टरांच्या बोटांनाही सहसा लागत नाही, आणि टार्ट बहुधा दुखत नाही. क्लासिक सीएएच असलेल्या मुलांची सोनोग्राफी किशोरवयापासून ठरावीक अंतराने करावी, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही म्हटलं आहे. गाठी लहानपणीही सुरू होऊ शकतात. एमआरआयनेही त्या चांगल्या दिसतात, पण नेहमीच्या तपासणीला सोनोग्राफी पुरते.

४. माझं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे, दाढी-मिशा आहेत, संबंधांतही अडचण नाही. मग शुक्राणू कमी कसे?

सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून या उत्तराला जरा वेळ देतो.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन दोन ठिकाणांहून येऊ शकतं. एरवी ते जवळजवळ सगळं वृषणातून येतं: पिट्युटरी एलएच सोडते, एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना कामाला लावतं, आणि टेस्टोस्टेरॉन तिथेच, शुक्राणू बनतात त्या नलिकांच्या शेजारी तयार होतं. त्यामुळे वृषणाच्या आत त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. शुक्राणू बनायला हीच आतली मात्रा लागते.

सीएएच ताब्यात नसेल तर अ‍ॅड्रिनल अँड्रोस्टेनेडायोन हे हार्मोन भरमसाट बनवते आणि शरीरात त्याचं टेस्टोस्टेरॉन होतं. पिट्युटरीला त्याचा उगम कळत नाही. ‘पुरुषी हार्मोन पुरेसं आहे’ असं समजून ती एलएच आणि शुक्राणू बनवायला चालना देणारं एफएसएच सोडणं बंद करते. आता दाढी वाढते, कामेच्छा असते, रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन नॉर्मल दिसतं, पण वृषणं स्वतः गप्प बसलेली असतात. आतली मात्रा घसरते आणि शुक्राणू बनणं मंदावतं किंवा थांबतं.

म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा एकटा आकडा पाहून ‘सगळं ठीक’ असं कोणी म्हणत असेल, तर ते पुरेसं नाही. त्याच रक्तात एलएच, एफएसएच आणि अँड्रोस्टेनेडायोन मोजलेलं असायला हवं.

५. मग माझं टेस्टोस्टेरॉन वृषणाचं आहे की अ‍ॅड्रिनलचं, हे कसं ओळखायचं?

अँड्रोस्टेनेडायोनला टेस्टोस्टेरॉनने भागायचं. उत्तर ०.२ पेक्षा कमी आलं तर टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणातलं आहे. १ पेक्षा जास्त आलं तर ते मुख्यतः अ‍ॅड्रिनलचं आहे. मधल्या पट्ट्यात दोन्हींचा वाटा असतो, आणि तिथे एलएच पाहून निर्णय घ्यावा लागतो.

हा भागाकार करताना एक चूक वारंवार होते. प्रयोगशाळा अँड्रोस्टेनेडायोन बऱ्याचदा मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये देते आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. तसेच्या तसे आकडे भागले तर उत्तर शंभर पटींनी चुकतं आणि सगळं छान दिसतं. आधी अँड्रोस्टेनेडायोनला १०० ने गुणा, मग भागा. रक्त शक्यतो सकाळी, गोळी घेण्याआधी द्या, आणि दर वेळी त्याच वेळेला द्या, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना करता येत नाही. तपासणीसाठी गोळी थोडी उशिरा घ्यायची, चुकवायची मात्र नाही.

६. माझा प्रश्न हार्मोनचा आहे की गाठीने वाट अडवल्याचा?

दोन्ही एकाच वेळी असू शकतात, पण वेगळे करणं फार गरजेचं आहे, कारण पहिला सहसा उलटवता येतो आणि दुसरा एका मर्यादेपलीकडे येत नाही.

एलएच आणि एफएसएच दोन्ही अगदी खाली असतील तर वृषणांना वरून आदेशच मिळत नाहीये. हा प्रश्न ४ मधला प्रकार. एफएसएच वाढलेलं असेल आणि शुक्राणूंच्या नलिकांमधून येणारं इनहिबिन-बी हे हार्मोन कमी असेल, तर आदेश पोहोचतोय पण शुक्राणू बनवणाऱ्या ऊतीलाच इजा झालेली आहे. एफएसएच नॉर्मल असून वीर्यात शुक्राणू नसतील तर वाट अडल्याचा संशय घ्यावा.

गाठीचा प्रवास तज्ज्ञ पाच टप्प्यांत मांडतात. सुरुवातीला जाळीत फक्त पेशी असतात, सोनोग्राफीतही दिसत नाहीत. मग त्या वाढून दिसू लागतात. तिसऱ्या टप्प्यात जाळी दाबली जाते, चौथ्यात आत तंतुमय ऊती तयार होऊन वाट अडते. पाचव्यात दीर्घकाळच्या तुंबण्याने आजूबाजूच्या नलिका कायमच्या खराब होतात. गाठ ताजी असते तोवर तिच्या पेशी एसीटीएचच्या तालावर चालतात, म्हणून औषधाने आक्रसतात. तंतुमय झालेला भाग औषधाला दाद देत नाही.

इथे एक सावधगिरी. एलएच-एफएसएच दबलेलं असताना ऊतीची खरी अवस्था झाकलेली राहते, कारण खराब वृषणाच्या बाबतीतही एफएसएच वर जाऊ शकत नाही. अ‍ॅड्रिनल ताब्यात आल्यावरच खरं चित्र दिसतं.

७. एखाद्या उदाहरणावरून समजावाल का?

समजण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. वय २९, जन्मापासून शरीरातलं मीठ कमी होणाऱ्या प्रकारचं सीएएच. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २० मिलिग्रॅम लिहून दिलेलं, पण संध्याकाळचा डोस आठवड्यातून चार-पाचदा राहून जातो. दोन वर्षं मूल नाही. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य, पुन्हा केली तरी शून्य. टेस्टोस्टेरॉन ४२०, म्हणजे नॉर्मल. एलएच ०.३, एफएसएच ०.४, दोन्ही तळाला. अँड्रोस्टेनेडायोन ६.५. शंभरने गुणून ६५०, भागिले ४२०, म्हणजे साधारण १.५. टेस्टोस्टेरॉन अ‍ॅड्रिनलचं आहे. सोनोग्राफीत उजवीकडे २२ आणि डावीकडे १४ मिलिमीटरची गाठ.

डोस चुकू नयेत म्हणून वेळापत्रक बदललं, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रात्रीच्या डोसऐवजी जास्त काळ टिकणारं औषध दिलं. चार महिन्यांनी अँड्रोस्टेनेडायोन १.१, टेस्टोस्टेरॉन ३८०, भागाकार सुमारे ०.३. एलएच ३.१, एफएसएच ४.६. टेस्टोस्टेरॉनचा आकडा जवळपास तोच आहे, पण आता त्यातलं बरंचसं वृषण स्वतः बनवतंय. पाचव्या महिन्यात वीर्यात पहिल्यांदा शुक्राणू दिसले, दहाव्या महिन्यात मिलिलिटरमागे १.१ कोटी. संदर्भमर्यादा १.६ कोटींची आहे, म्हणजे आकडा अजून कमीच, तरी शून्यापासून हा फार मोठा पल्ला. गाठी १३ आणि ८ मिलिमीटरवर आल्या. त्याच आठवड्यात नमुने गोठवून ठेवले.

आता याच माणसाचं एफएसएच चौथ्या महिन्यात ४.६ ऐवजी १९ आलं असतं, इनहिबिन-बी खाली असतं आणि गाठी तेवढ्याच राहिल्या असत्या, तर निष्कर्ष उलटा असता. अ‍ॅड्रिनल ताब्यात आली, आदेश सुरू झाले, पण ऐकणारी ऊती उरलेली नाही. मग डोस आणखी वाढवण्यात अर्थ नसतो. पुढचा मार्ग प्रश्न ११ मध्ये आहे.

८. स्टेरॉइड किती वाढवायचं आणि किती दिवस?

हे स्वतःच्या मनाने कधीही करू नका. प्रौढांत हायड्रोकॉर्टिसोनचा नेहमीचा डोस दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत विभागून असतो. गाठी आणि शुक्राणूंसाठी काही काळ प्रेडनिसोलोन किंवा रात्री डेक्सामेथासोन वापरलं जातं, कारण पहाटे उसळणारं एसीटीएच तेच दाबू शकतं. डेक्सामेथासोन फार ताकदवान आहे, डोस दिवसाला पाव ते अर्धा मिलिग्रॅम इतकाच असतो. त्याची किंमत वजन, साखर, रक्तदाब, त्वचा आणि हाडं मोजतात. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या: कोणत्या महिन्यात काय मोजायचं आणि उपयोग झाला नाही तर कधी मागे यायचं.

घाई मात्र करू नका. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यानंतर बाहेर येण्याच्या प्रवासाचे आणखी काही दिवस. डोस बदलल्यावर महिन्याभरात केलेली वीर्यतपासणी जुन्या औषधाचाच निकाल सांगते. तीन महिन्यांच्या आत तिच्याकडून उत्तर मागू नये.

मीठ कमी होणाऱ्या प्रकारात शरीरात मीठ टिकवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनकडे दुर्लक्ष नको. गाठीच्या पेशींवर अँजिओटेन्सिनचे रिसेप्टरही सापडले आहेत, त्यामुळे अँजिओटेन्सिन वाढवणारं रेनिन ताब्यात ठेवणं इथेही कामाचं. एसीटीएच वरूनच कमी करणारं क्रिनेसरफाँट हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. ते स्टेरॉइडच्या जोडीने घ्यायचं असतं, त्याऐवजी नाही.

९. जिममधल्या मित्राने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलंय. शुक्राणू वाढतील ना?

उलट बंद पडतील. बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन पिट्युटरीला अगदी तोच चुकीचा संदेश देतं जो अ‍ॅड्रिनल देत होती (प्रश्न ४). अ‍ॅड्रिनल ताब्यात येऊनही एलएच-एफएसएच उठत नसेल, तर तज्ज्ञ एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं देतात. ती वृषणाला थेट कामाला लावतात. नावं सारखी वाटतात, पण परिणाम पूर्ण उलटा आहे.

१०. गाठी ऑपरेशन करून काढल्या तर वाट मोकळी होणार नाही का?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सर्जनांनी तो तपासूनही पाहिला आहे. वृषण वाचवून फक्त गाठ काढता येते. पण जुन्या, औषधाला दाद न देणाऱ्या गाठी काढूनही शुक्राणूंमध्ये सुधारणा दिसली नाही, कारण तोवर नलिका पाचव्या टप्प्याला पोहोचलेल्या असतात. शिवाय जाळीतच गाठ असल्याने ती काढताना उरलेली वाटही दुखावू शकते. म्हणून ऑपरेशन मुख्यतः वेदना किंवा फार मोठी गाठ असेल तर करतात. मूल होण्यासाठी म्हणून कोणी ते सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सीएएच सांगा, त्या वेळी स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो.

११. वीर्यात एकही शुक्राणू नाही. आता काहीच होणार नाही का?

आधी ‘शून्य’ खरं आहे का ते पाहा. नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ तपासायचा, आणि दोन वेगवेगळ्या वेळी. गाळात चार-दोन शुक्राणू सापडले तरी ते गोठवता येतात, आणि स्त्रीबीजात एकच शुक्राणू सोडण्याच्या इक्सी तंत्राला तेवढे पुरू शकतात.

खरंच शून्य असेल आणि हार्मोन ताब्यात असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून थेट शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया करता येते. फक्त वाट अडलेली असेल तर सापडण्याची शक्यता चांगली, ऊती खराब झालेली असेल तर कमी. एलएच-एफएसएच दबलेलं असताना ही शस्त्रक्रिया करू नये. आधी अ‍ॅड्रिनल ताब्यात आणून तीन-चार महिने थांबल्यास अनेकदा तिची गरजच उरत नाही.

१२. मी २१ वर्षांचा आहे, लग्नाचा विचारही नाही. शुक्राणू आत्ताच गोठवू का?

सोनोग्राफीत गाठी दिसत असतील तर माझं स्पष्ट मत: वीर्यतपासणी आत्ता करा, आणि शुक्राणू असतील तर गोठवून ठेवा. गाठींची वाट अडवण्याची चाल संथ आणि न दुखणारी असते, त्यामुळे कधी उशीर झाला हे कळत नाही. गाठी नसतील आणि हार्मोन ताब्यात असतील तर सोनोग्राफी चालू ठेवणं पुरेसं आहे.

१३. मी औषध कधीच चुकवत नाही, तरी टार्ट निघाला. माझं काय चुकलं?

बहुतेकदा काहीच नाही. ताबा सैल असलेल्यांत गाठी जास्त मोठ्या आणि जास्त वेळा दिसतात हे खरं, पण चांगल्या ताब्यातल्या पुरुषांतही त्या आढळतात. काहींची सुरुवात तर लहानपणीच झालेली असते, जेव्हा डोस तुमच्या हातात नव्हता.

१४. माझ्या मुलाला सीएएच होईल का?

हा आजार अप्रकट वारशाचा आहे. मूल आजारी होण्यासाठी सदोष जनुक दोन्हीकडून यावं लागतं. तुमच्याकडून ते नक्की जाणार, कारण तुमच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. पत्नी वाहक नसेल तर मूल वाहक होईल, क्लासिक सीएएचचा रुग्ण नाही. ती वाहक असेल तर दर गर्भधारणेत शक्यता निम्मी. क्लासिक प्रकाराचे वाहक साधारण ६० माणसांत १ धरले, तर तपासणीआधी तुमचं मूल आजारी होण्याची शक्यता ६० गुणिले २, म्हणजे १२० मध्ये १. पत्नी नात्यातली असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, धोका बराच वाढतो. पत्नीची सीवायपी२१ए२ या जनुकाची तपासणी गर्भधारणेआधी करून घ्या. तिच्या रक्तातलं, सीएएचमध्ये वाढणारं १७-ओएचपी हे हार्मोन नॉर्मल आलं म्हणून ती वाहक नाही असं ठरत नाही.

१५. माझं सीएएच नॉन-क्लासिक आहे. मलाही हे सगळं लागू आहे का?

नॉन-क्लासिक प्रकारात टार्ट क्वचित आढळतो, म्हणून सरसकट सोनोग्राफीची गरज नसते. मूल होण्यात अडचण असेल किंवा वृषणात काही वेगळं जाणवत असेल तर मात्र करा. सीएएचच्या आणखी एका प्रकारात, ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमच्या कमतरतेत, टार्ट होतो, आणि तिथे हे जवळपास सगळं लागू पडतं. फक्त रक्तात मोजायची हार्मोन वेगळी असतात, आणि रक्तदाब वाढलेला असू शकतो.